परत पाठवलेले मुखत्यारपत्र

धाकट्या भावाने इंग्लंडहून सही-शिक्क्यासह पाठवलेले कुलमुखत्यारपत्र मी आठ दिवस कपाटात ठेवले आणि नवव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने परत पाठवले. मोठा दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले होते. आता मागे वळून पाहिले तर माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक तीच, आणि ती मी अगदी प्रामाणिकपणे केली.

मी सोलापुरातल्या एका गिरणीत टाइमकीपर होतो. माणूस कधी आला, कधी गेला, किती मिनिटे उशीर झाला, हे लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. धाकटा आधी आमच्याच गिरणीत फिटर होता. पुढे तो इंग्लंडला एका सूतगिरणीत गेला, तिथेच स्थिरावला. बायको आपल्याकडचीच, बार्शीची. दोन मुले.

आम्हा दोघांच्या मध्ये बहीण. सगळे तिला अक्का म्हणत. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता आणि अक्का बारा. त्याला भरवणे, न्हाऊ घालणे, शाळेत सोडणे हे तिनेच केले. तिचे लग्न मैंदर्गीला झाले आणि चोविसाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. मूल नव्हते. सासरच्यांनी तिला अंगावरच्या कपड्यांनिशी पाठवले असे म्हणणे खोटे होईल, कारण शिवणयंत्र तिच्याबरोबर आले होते. ते आमच्याच वडिलांनी दिलेले होते.

वडील गेले ते मुलींना वारसा देणारा कायदा येण्याच्या आधी. म्हणून इस्टेट आम्हा दोन भावांत वाटली गेली. वाटणीपत्र नोंदवलेले होते. घर दोघांचे निम्मे-निम्मे, आणि कुंभारीचे चार एकर कोरडवाहू एकट्या धाकट्याचे. त्या बदल्यात मी वडिलांचे बाकीचे सगळे घेतले होते. अक्काचे नाव कुठेच नव्हते. ती मागच्या खोलीत राहायची, आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवायची. कुणी तिला कधी जा म्हटले नाही. पण धाकटा इंग्लंडला निघाला त्या दिवशी ती त्याला म्हणाली होती, ते मी ऐकले होते.

"एक खोली माझ्या नावावर कर रे. मला राहायला जागा हाय, ते मला माहिती. पण कुणी जा म्हणू शकणार नाही अशी पाहिजे."

"आल्यावर करतो, अक्का," तो म्हणाला. तो आला नाही.

त्या जूनमध्ये त्याचे जाड पाकीट आले. कुंभारीची जमीन शेजारच्या शेतकऱ्याला द्यायची होती. त्या शेतकऱ्याने मला दोनदा विचारलेही होते. "अण्णा, धाकटं मालक तिकडनं येनार न्हाईत की आता. बांध माझाच लागून हाय. मला द्या, दुसऱ्याला दिलं तर रोजची भांडनं व्हतील." मी धाकट्याला तसे लिहिले होते. त्याने जमिनीपुरते काही न पाठवता एकदम कुलमुखत्यारपत्र पाठवले. लंडनला आपल्या वकिलातीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून.

मी ते आमच्या ओळखीच्या दस्तलेखकाकडे नेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांचे टेबल. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि हसू लागले.

"साहेब, तुमच्या भावानं काय ठेवलं नाही. विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं, हक्क सोडणं, भाड्यानं देणं, कोर्टात उभं राहणं. हे वाचून मला वाटतंय स्वतःलाच तुमाला देऊन टाकलंय."

"हे चालेल ना?"

"चालेल म्हणजे? पळेल. तीन महिन्यांच्या आत कलेक्टर कचेरीतून स्टँप मारून घ्या. आमचा कागद असतो तसा इंग्लंडचा कागद स्टँप घेऊन येत नाही, इथं आल्यावर लावायचा. मग जमीन विका, घर विका, आतल्या साहेबाला विका."

"आणि नुसत्या जमिनीपुरतं असतं तर?"

"ते खास मुखत्यारपत्र. त्यात जेवढं लिहिलं तेवढंच. सर्व्हे नंबर लिहिला तर तेवढाच नंबर. शेजारच्या झाडाचं पान पण तोडता येत नाही. काम झालं की कागद संपला."

मला ते वाक्य आवडले. जेवढे लिहिले तेवढेच.

त्याच आठवड्यात नात्यातल्या एका लग्नात चुलत मेहुण्याने चार माणसांत मला हाक मारली. "काय अण्णा! म्हणजे आता इंग्लंडचंबी तुमचंच की!" बातमी त्याला कुणी सांगितली कोण जाणे. सगळे हसले. मीही हसलो. पण आमच्याच गल्लीतल्या एकाने आफ्रिकेतल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र घेऊन त्याचा वाटा परस्पर विकला होता, आणि तो भाऊ परत आल्यावर दोघे कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. लग्नातली माणसे हसताना त्याचाच विचार करत होती, हे मला दिसत होते.

घरी येऊन मी कागद पुन्हा पाकिटात घातला आणि बरोबर चिठ्ठी लिहिली. 'हा कागद फार मोठा आहे. एवढा अधिकार मला नको. कुंभारीची जमीन अमुक नंबर, अमुक क्षेत्र, अमुक खरेदीदार, एवढ्यापुरते खास मुखत्यारपत्र करून पाठव. मसुदा सोबत आहे.' मसुदा मी स्वतः लिहिला. चतुःसीमा, क्षेत्र, आणेवारी, काही चुकवले नाही.

बायको म्हणाली, "आलेला कागद ठेवून तर द्या. कशाला परत?"

"माझ्या कपाटात असला म्हणजे मी तो ठेवला असं होतं," मी म्हणालो.

अक्का शिवत होती. तिने यंत्र थांबवले नाही.

ऑगस्ट संपता संपता धाकट्याचे खास मुखत्यारपत्र आले. माझ्याच मसुद्याबरहुकूम. बरोबरच्या पत्रात एक ओळ होती, ती मला पाठ आहे: 'मी तुला सगळं दिलं होतं अण्णा, तू एक शेत मागितलंस.' ती त्याने रागाने लिहिली नव्हती. तो असाच बोलायचा. स्टँप लागला, सप्टेंबरात खरेदीखत झाले. कुंभारीच्या शेतकऱ्याने पेढे आणले, अक्काच्या पाया पडला. "ताई, तुमच्या भावाची माती मी नीट ठेवीन." चाचा म्हणाले, "झालं. आता हा कागद कपाटात टाका. ह्याचं काम संपलं."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निळे हवाई पत्र आले. अक्षर जरा वाकडे होते. 'पोटात दुखतं म्हणून डॉक्टर पोट उघडून बघणार आहेत. काळजी करू नका, इकडे हे रोजचंच असतं. एक काम राहिलंय. घरातला माझा निम्मा हिस्सा अक्काच्या नावे बक्षीस करून टाक. मी तिला कबूल केलं होतं. तुझ्याकडे कागद आहेच, त्यावर करून घे. दिवाळीच्या आत कर.'

पत्र मी मोठ्याने वाचले. अक्का दारात उभी होती. तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाली, "दिवाळीच्या आत म्हणतोय?"

"हो."

"मग उद्याच जा की."

दुसऱ्या दिवशी मी गिरणीतून अर्धी रजा काढून कचेरीत गेलो. चाचांनी पत्र वाचले आणि कागद मागितला. मी जमिनीचे मुखत्यारपत्र पुढे केले. त्यांनी ते उघडलेही नाही.

"साहेब, हा कागद मेला. ज्या दिवशी जमीन गेली त्या दिवशी मेला. आणि जिवंत असता तरी त्यात घर कुठंय? तुमीच मसुदा केलाय."

"पत्रात लिहिलंय ना त्याने. त्याची सही आहे."

"पत्र म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे. निबंधक साहेबापुढं पत्र नेलं तर साहेब म्हणेल, भाऊ लई चांगला आहे, पुढं?" मग आवाज खाली करून म्हणाले, "तो जूनचा होता ना, मोठा? त्यात बक्षीस लिहिलं होतं. तो कुठंय?"

"परत पाठवला."

चाचांनी दौतीचे झाकण लावले. "मग दुसरा मागवा. खास असला तरी चालेल, पण घराचा सिटी सर्व्हे नंबर, निम्मा हिस्सा, घेणार बहीण, आणि बक्षीस देण्याचा अधिकार, हे चार स्पष्ट लिहा. बक्षिसाचा शब्द पाहिजेच. नुसतं 'सर्व व्यवहार' म्हटलं तर साहेब मान्य करणार नाही."

मी त्याच संध्याकाळी मसुदा लिहून पोस्टात टाकला. पत्र जायला आठ-दहा दिवस, यायला तेवढेच. मधे ऑपरेशन झाले. भावजयीने लिहिले की लंडनला जाण्याची ताकद नाही, पण आमच्या गावात नोटरी आहे, तो घरी येतो म्हणतोय. मी चाचांना विचारले. "नोटरी चालतो," ते म्हणाले, "परदेशात राहणाऱ्याची सही नोटरीनं खरी केली तर आमच्याकडं चालते." मी तसे कळवले.

दिवाळी झाली. अक्काने फराळाचे पार्सल इंग्लंडला पाठवायचा हट्ट धरला होता, पण ते पोचेपर्यंत शिळे होईल म्हणून मीच नको म्हटले.

दिवाळीनंतर अकराव्या दिवशी तार आली.

तारेत चार शब्द होते. मी ते वाचून दाखवले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळले. ती यंत्राच्या स्टुलावर बसली आणि पायाने पायडल हलवत राहिली. सुई वरखाली होत होती, खाली कापड नव्हते.

तार आल्यानंतर सहाव्या दिवशी, सुतक चालू असताना, पाकीट आले. पोस्टमनने सही घेतली. आत ते मुखत्यारपत्र. घराचा सिटी सर्व्हे नंबर, निम्मा हिस्सा, घेणार सख्खी बहीण, बक्षीस देण्याचा अधिकार. चारही गोष्टी माझ्या मसुद्याप्रमाणे. खाली त्याची सही, नोटरीचा लाल शिक्का. तारीख तो जाण्याच्या आधी चार दिवस.

बायको म्हणाली, "आलं ना? मग आता करून टाका."

"करता येत नाही."

"का? सही त्यांचीच आहे की."

"मुखत्यारपत्र देणारा गेला की त्याच क्षणी मुखत्यारपत्र संपतं. कुलमुखत्यारपत्र असतं तरी संपलं असतं."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. त्या सहा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. "त्यानं जिवंतपणी सही केली."

"हो."

"मला दिलं, असं लिहिलं."

"दिलं असं नाही लिहिलं, अक्का. मला द्यायचा अधिकार दिला. दिलेलं मी त्याच्या वतीनं लिहून द्यायचं होतं. आता त्याच्या वतीनं असं काही उरलं नाही."

"हे तुला कोण शिकवतं रे?" ती म्हणाली. "मास्तर होतास की टाइमकीपर?"

खोटे सांगत नाही, सुतक फिटल्यावर मी चाचांकडे गेलो. एकटाच. कागद पुढे ठेवला. त्यांनी तारीख पाहिली, शिक्का पाहिला.

"तारीख आधीची आहे. सोलापुरात कुणाला माहिती आहे? स्टँप मारू, आठ दिवसांत दस्त करू."

"दस्तात काय लिहावं लागेल?"

"हेच की, देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. तुमी खाली सही करायची." त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे वळवला. "साहेब, मी आग्रह करत नाही. लोक करतात, एवढं सांगतो."

मी कागद उचलला. देणारा हयात आहे. या शब्दांखाली मी सही करायची, हे माझ्याने होणार नव्हते. आणि त्या निम्म्या हिश्श्याचे मालक त्या क्षणी कोण होते हे मला माहीत होते. त्याची बायको आणि दोन मुले. बहिणीला द्यायचे म्हणून त्या मुलांचे चोरायचे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मी भावजयीला सगळे लिहून कळवले. तिचे उत्तर महिन्याने आले. 'अक्कांना यांनी कबूल केलेलं मला माहीत आहे. माझा हिस्सा मी देते, कागद पाठवा. मुलांचं काय करायचं ते तुम्ही सांगा.'

मुलांचे काय करायचे ते मी वकिलाला विचारले. ते म्हणाले, अज्ञान मुलांची स्थावर इस्टेट आईला कोर्टाच्या परवानगीशिवाय देता येत नाही, आणि कोर्ट परवानगी देते ती मुलांच्या गरजेसाठी किंवा फायद्यासाठी. आत्याला बक्षीस देण्यात मुलांचा फायदा काय, असे कोर्ट विचारेल. मी हिशोब केला. घराचा निम्मा हिस्सा तिघांत, म्हणजे भावजयीचा घराचा एक षष्ठांश. तेवढा येऊ शकत होता. राहिलेले दोन षष्ठांश मुले सज्ञान होईपर्यंत कुणालाच हलवता येत नव्हते.

मी अक्काला ते समजावून सांगितले. कागदावर घराची आकृती काढून रेघा मारल्या.

तिने रेघांकडे पाहिले. "एक षष्ठांश म्हणजे किती? शिवणयंत्र मावतं का त्यात?"

"तशी भिंत घालता येत नाही. हिस्सा असतो, जागा दाखवता येत नाही."

"मग मी कुठं बसायचं? हिश्श्यावर?"

"अक्का, माझा निम्मा मी तुला देतो," मी म्हणालो. हे मी आधी ठरवले नव्हते. तोंडातून आले, पण खोटे नव्हते. "बक्षीसपत्र करतो. त्याला इंग्लंडचा कागद लागत नाही. दोन साक्षीदार, तुझी-माझी सही. उद्या होईल."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. बायको ऐकत होती. माझी दोन मुले कॉलेजात होती, मोठ्याचे लग्न बघायचे होते.

अक्का हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले आणि ते मला सहन झाले नाही.

"तुझा घेतला तर उद्या तुझी सून मला विचारेल, आत्याबाई, हे आमचं तुमच्याकडे कसं? बरोबरच विचारेल. त्याचा घेतला असता तर कुणी विचारलं नसतं. मी त्याला वाढवलंय. ते त्यानं द्यायचं होतं, मी घ्यायचं होतं. मधे कुणी नको होतं." मग म्हणाली, "मधे तू होतास."

आकडे माझ्याकडे होते. जूनमधला मोठा कागद आला त्यापासून ऑक्टोबरच्या पत्रापर्यंत चार महिने. स्टँपला तीन आठवडे धरले तरी सगळा ऑगस्ट आणि सप्टेंबर शिल्लक. पत्र आल्यावर दस्ताला एक दिवस. तार आली तोपर्यंत आणखी सहा आठवडे शिल्लक. मी हे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले आहे, कुठूनही मांडले तरी तिला वेळ होता. कायद्याने तिचे काही नेले नाही. नेले असेल तर माझ्या भीतीने. लग्नात चार माणसे हसली त्याची भीती. तेव्हा मी ती भीती आहे असे मानत नव्हतो, प्रामाणिकपणा म्हणत होतो. आणि खरे सांगायचे तर दोन्ही एकाच वेळी होते, कुठला कुठे संपतो ते मला आजही सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी अक्काने यंत्र हातगाडीवर चढवले. आमच्या मागच्या गल्लीत एका तेलुगू विणकराच्या घरात रस्त्याकडेची खोली रिकामी होती. तिने आधीच बोलणी केली होती. बायको रडली, माझी मुले म्हणाली, "आत्या, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"कुणी काही बोललं नाही रे. तुमच्या बापानं कागद वाचून दाखवला," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी इथं राहायची, कुणाच्या परवानगीनं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. माहीत झाल्यावर राहता येत नाही."

"अक्का, तुला कुणी जा म्हटलं नाही," मी म्हणालो.

"म्हणू शकतात ना?"

हो, म्हणू शकत होते. मी नाही, माझी मुले नाहीत, कदाचित ती सून. पण म्हणू शकत होते.

ती जेवायला यायची. सणाला पुरण वाटायला यायची. माझ्याशी बोलायची, पण त्या विषयावर पुन्हा नाही. मागची खोली आम्ही बरेच दिवस तशीच ठेवली, मग मोठ्याच्या लग्नात ती त्याला दिली. भावजयीने पुढे पत्रे लिहिली. मुलांच्या हिश्श्याबद्दल मी वर्षाला एकदा घरपट्टीचा हिशोब तिला पाठवत गेलो.

एका महिन्याच्या पाच तारखेला मी अक्काकडे गेलो. ती खोलीच्या दाराशी उजेडात यंत्र घेऊन बसली होती. घरमालक नुकताच येऊन गेला होता. त्याचा माग पलीकडे चालू होता, खटखट ऐकू येत होती. तिने यंत्राच्या खणातून एक चिटोरे काढले. भाड्याची पावती.

"वाच की," ती म्हणाली. तिला वाचता येत होते, तरी म्हणाली.

मी वाचले. महिना, रस्त्याकडेची खोली, भाडे मिळाले. आणि तिचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मैंदर्गीचे नाही, आमचे.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचले. तिने पावती माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि खणात ठेवली. मग पायाने पायडल हलवले.